पालकांच्या ग्रुपवरचा तो मेसेज मीच पाठवला होता

शाळेतली_बाई

मी जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत शिकवते. पहिली ते चौथी मिळून ३७ मुलं. शाळेजवळच भाड्याने राहते, त्यामुळे गाव मला चोवीस तास ओळखतं. गावाचं नाव लिहीत नाही. झालंय ते सगळं लिहिते, कारण पुढे काय करावं हे मला खरंच कळत नाहीये.

मंगळवारी रात्री पावणेनऊला नणंदेने घरच्या ग्रुपवर एक मजकूर आणि त्याखाली एक ऑडिओ टाकला. मजकूर असा, की आपल्या तालुक्यात मुलं पळवणारी टोळी शिरली आहे, बायाबापड्यांच्या वेशात फिरतात, मुलांना खाऊ-फुगे देऊन जवळ बोलावतात, काल दोन मुलं गेली. त्यावर दुहेरी बाण होता, म्हणजे तो आधीच पुष्कळ हातांतून फिरून आलेला. असा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येतो. मला तो पालकांच्या ग्रुपवर आणि बचत गटाच्या ग्रुपवर असा दोन्हीकडे टाकायचा होता. म्हणून मी मजकूर कॉपी केला आणि नवा मेसेज म्हणून चिकटवला. खाली सवयीने लिहिलं, "पालकांनी काळजी घ्यावी. – आपल्या बाई, जि. प. शाळा." पालकांना सुट्टीची सूचना पाठवते तशीच.

तेव्हा नऊ वाजून पाच मिनिटं झाली होती. ऑडिओ मी ऐकलाच नव्हता. झोपताना, साडेअकराच्या सुमारास ऐकला. त्यात एक बाई घाबऱ्या आवाजात सांगत होती, "दोन पोट्टे उचलून नेले." आमच्याकडे पोट्टे कोणी म्हणत नाही, पोरं म्हणतात. हा आवाज आमच्या भागातला नव्हताच. मग मजकूर पुन्हा वाचला. कुठल्या गावची मुलं, कोणत्या तारखेला, काहीच नव्हतं. नुसतं "काल". ठाण्याच्या नंबरावर फोन लावला. हवालदार म्हणाले, मॅडम, आज रात्रीत हा तिसरा फोन आहे, तालुक्यातलं एकही मूल हरवलेलं नाही. मी दोन्ही ग्रुपवरचा मेसेज सर्वांसाठी पुसला. पावणेबारा झाले होते. वाटलं, वेळेत सुटलो.

सकाळी सव्वासहाला नळावर गेले. रोज माझी कळशी पुढे घेतात, त्या दिवशी कोणी काही बोललं नाही. शेजारच्या आक्का म्हणाल्या, "बाई, रातच्याला काय पुसलं वो? तुमाला कुनी पुसाय लावलं?" त्यांच्या सुनेच्या फोनवर माझ्या नावापुढे फक्त 'मेसेज डिलीट केला' एवढंच उरलं होतं, आणि त्याखाली एका पालकाने लिहिलं होतं, "खरं हाय म्हणूनच बाईवर दबाव आला." त्याखाली बारा जणांचे हात जोडलेले. माझ्या मजकुराचा फोटो तर कुणीतरी साडेनऊलाच काढून ठेवला होता.

मग कळलं की सव्वादहाला पुलावर चौघांनी एक मोटरसायकल अडवली. केसांवर भांडी आणि फुगे देणारं जोडपं. दर दोन-तीन महिन्यांनी येतात, बायका विंचरलेले केस पिशवीत साठवून ठेवतात आणि त्यांना देतात. त्यांच्या पोत्यात मूल आहे म्हणून पोतं फाडलं. नवऱ्याला मारलं, कपाळाला खोक पडली. पोलीस पाटील धावत गेले म्हणून तेवढ्यावर निभावलं. रात्री त्यांना ग्रामपंचायतीत बसवून ठेवलं होतं.

मी पुलावर गेले. ती बाई रस्त्याकडेच्या बाभळीतून केस वेचत होती. काट्यांत अडकलेले केसांचे पुंजके, काळे, पांढरे, मेंदीचे लाल. त्यात आमच्याच गावच्या बायकांचे केस होते, बहुतेक माझेही. मी तिच्याशेजारी उभी राहून वेचायला लागले. ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने एवढंच म्हणाली, "वल्लं झालं तर वजनात धरत न्हाईत."

मी परत येताना दूध डेअरीपाशी थांबले. वीसेक माणसं असतील. मी सांगितलं की तो मजकूर मीच टाकला होता, खात्री केली नव्हती, ठाण्यात विचारलं तर सगळं खोटं निघालं, आणि मला कुणी पुसायला लावलं नाही. तिथे त्या चौघांतला एक होता. त्याची मुलगी माझ्याकडे तिसरीत आहे. तो म्हणाला, "बाई, तुम्ही लिवलं हुतं म्हणून मी गाडी अडवली. दुसऱ्या कुनी लिवलं असतं तर मी घरातनं उठलो नसतो."

ह्याला मी काय उत्तर देऊ? आणि आता गाव म्हणतंय, आपसात मिटवू. मी काय करावं?

तंत्रज्ञ_पुणेकर

ताई, आधी शांत व्हा. सर्वांसाठी डिलीट केलंत म्हणजे तो सगळ्यांच्या फोनमधून गेला. पूर्वी जेमतेम तासाभराची मुदत होती, २०२२ पासून दोन दिवसांहून जास्त मिळते, तुम्ही तर तीन तासांच्या आत केलंत. राहिला प्रश्न जबाबदारीचा. ग्रुपवर जे काही येतं त्याला ॲडमिन जबाबदार असतो. तुम्ही ॲडमिन असाल तर आजच ते पद सोडा.

जुना_फौजदार

तंत्रज्ञसाहेब, मुदतीचं बरोबर आहे, बाकीचं नाही.

पुसल्याने फक्त त्या ग्रुपमधली तिची प्रत जाते. कुणी पुढे पाठवली असेल तर ती प्रत जागेवर राहते. फोटो काढलेला राहतो. कुणी तिच्या मेसेजला धरून उत्तर दिलं असेल तर त्या उत्तरात वरचा मजकूर तसाच दिसतो. आणि ॲडमिनबद्दल म्हणाल, तर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली स्पष्ट केलंय की, सदस्याने टाकलेल्या मजकुराला ॲडमिन आपोआप दोषी ठरत नाही, दोघांचा संगनमताचा हेतू दिसला पाहिजे. इथे तो मुद्दाही नाही, कारण मजकूर बाईंनी स्वतः टाकला आहे.

बाई, तुमच्या हातून दोन गोष्टी झाल्या असं मला दिसतं. कॉपी करून चिकटवल्यावर दुहेरी बाण गेला. तो बाण ही वाचणाऱ्याला असलेली एकमेव खूण होती की हे कुठून तरी फिरत आलंय. ती गेली आणि खाली तुमची सही आली. दुसरं, तुम्ही खुलासा न टाकता पुसलंत. मी नोकरीत असताना असं बऱ्याचदा पाहिलंय. रिकाम्या जागेत गाव आपल्या मनातलं भरतं.

पुसण्याआधी त्या मेसेजवर बोट दाबून 'माहिती'मध्ये गेलं की कोणी वाचला, कोणाला नुसता पोचला, ही यादी दिसते. ती लिहून घ्यायची, त्या घरांना फोन करायचे, खुलासा टाकायचा, आणि मगच पुसायचं. आता ती यादी गेली. तरी ३७ मुलांची घरं आहेत, सगळीकडे पायी जाता येईल.

खुलासा करताना अफवा पुन्हा सांगू नका. लोक अर्धवट ऐकतात आणि तेवढंच लक्षात ठेवतात. पहिलं वाक्य असं असू द्या: "तालुक्यातली सगळी मुलं सुखरूप आहेत, मी ठाण्यात विचारलं आहे." मग, "काल माझ्या नावाने आलेला मजकूर खोटा होता, तो मीच टाकला होता." लिहून पाठवण्यापेक्षा तुमच्या आवाजात पाठवा. आवाज ओळखीचा असतो आणि न वाचणाऱ्या आज्ज्यांपर्यंतही पोचतो.

रेवती_७८

बॅकअप घेतलेला असेल तर ॲप काढून पुन्हा टाकल्यावर पुसलेला मेसेज परत येऊ शकतो. माझ्या मुलाने करून दिलं होतं. बॅकअपची वेळ मात्र मेसेजनंतरची आणि पुसण्याआधीची हवी.

शाळेतली_बाई

रेवतीताई, मला तो परत नकोय. नणंदेने पाठवलेला मूळ मेसेज माझ्याकडे आहे.

जुना_फौजदार

तो मूळ मेसेज मात्र पुसू नका. नणंदेलाही सांगा. आणि आजच वहीत वेळा लिहून ठेवा, कितीला आला, कितीला टाकला, ठाण्यात फोन कितीला केला, कितीला पुसला.

वाण्याचा_मुलगा

आमचं किराणा दुकान आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटबंदीच्याच आठवड्यात मीठ संपलं अशी आवई उठली होती, आठवतंय? आमच्याकडे रात्री नऊला रांग लागली. वडील सांगत होते, मागे गोदामात चाळीस पोती आहेत, बघून जा. कुणी ऐकेना. मग वडिलांनी ती पोती ओढून रस्त्यावर दिव्याखाली रचली. अर्ध्या तासात रांग मोडली. बाई, लोकांना डोळ्यांनी दिसेल असं काही दाखवता आलं तर बघा. पण मिठाची पोती रचता येतात, मुलं पळवलेली नाहीत हे कसं रचून दाखवणार, ते मला सुचत नाही.

दोन_मुलांची_आई

मला तुमचा राग येत नाही, बाई. मीही पाठवला असता. पण इथे सगळे असं बोलताहेत की मुलं पळवली जातच नाहीत. आमच्या जिल्ह्यात अपहरणाचे किती गुन्हे नोंदवले जातात ते पेपरात येतं. शंका आली तर आईने गप्प बसायचं का?

जुना_फौजदार

ताई, गप्प बसू नका, ११२ ला फोन करा. त्या आकड्यांबद्दल मात्र सांगतो, कारण ह्याच आकड्यांवर ही अफवा पोसली जाते.

अठरा वर्षांखालचं कोणतंही मूल घरातून बेपत्ता झालं आणि तक्रार आली की आपण अपहरणाचाच गुन्हा दाखल करतो. सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा आदेश आहे, हरवलेल्या मुलाची तक्रार नुसत्या वहीत टिपून ठेवायची नाही. त्यामुळे परीक्षेत नापास झाला म्हणून मामाकडे पळालेला मुलगा, सतरा वर्षांची मुलगी ओळखीच्या मुलाबरोबर गेली ते, घरच्या भांडणात बापाने मूल नेलं ते, सगळं त्याच कलमाखाली येतं. हे चांगलंच आहे, शोध लगेच सुरू होतो. पण पेपरात नुसता आकडा आला की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पोतं घेतलेला अनोळखी माणूस उभा राहतो.

ह्याच नियमाने अफवा तपासताही येते. दोन मुलं खरंच गेली असती तर ठाण्यात गुन्हा असणारच. एक फोन केला की कळतं. बाईंनी साडेअकराला जो फोन केला तोच नऊला केला असता, तर त्यांना हेच उत्तर मिळालं असतं.

पालावरचा

मी नाथपंथी डवरी गोसावी समाजातला आहे. आता नोकरी करतो, लहानपण पालावर गेलं. हा धागा कालपासून वाचतोय, लिहावं की नाही कळत नव्हतं.

१ जुलै २०१८, रविवार, राईनपाडा, साक्री तालुका. आठवडी बाजार होता. आमची पाच माणसं, मंगळवेढ्याकडची, भिक्षा मागायला गेलेली. एका लहान मुलीशी बोलल्याचं निमित्त झालं. ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन मारलं, पाचही गेले. त्या वर्षी जे व्हिडिओ फिरत होते त्यातला एक तर कराचीतला होता. मुलांची काळजी घ्या हे सांगायला बनवलेला, त्यात मोटरसायकलवाला मुलाला उचलतो आणि शेवटी परत आणून सोडतो. परत आणून सोडतो तेवढा तुकडा कापून टाकला होता.

बाई, तुमच्या गावातही त्या दोघांना ग्रामपंचायतीतच बसवलं. पोलीस पाटलांचा हेतू चांगला होता, पण त्या बाईला रात्रभर काय वाटलं असेल ते मला माहीत आहे. राईनपाड्याचं नाव आमच्यात लहान पोरालाही ठाऊक आहे.

एकच विनंती. त्यांना शाळेत बोलावून मुलांपुढे हार घालू नका. त्यांना त्यात ओशाळल्यासारखं होतं, आणि टाळ्या गावाला मिळतात. त्यांचं नुकसान मोजा आणि भरून द्या. आणि तुमच्या गावापासून पुढची जी गावं त्यांच्या वाटेवर आहेत तिथल्या लोकांना तुम्ही स्वतः फोन करा, कारण मेसेज त्यांच्या आधी तिथे पोचलेला असणार.

जुना_फौजदार

ह्यांचं म्हणणं पटतं. त्यात एवढी भर, की त्यांनी जवळच्या ठाण्यात आल्याची नोंद करून तो कागद जवळ ठेवावा. राईनपाड्यानंतर पुष्कळ जण तसं करू लागले.

पालावरचा

साहेब, राईनपाड्याच्या त्या पाच जणांकडे आधार कार्डं होती. कागद वाचायला जमाव थांबत नाही. आणि दर गावात आधी ठाण्यात जाऊन आपण चोर नाही असं लिहून द्यायचं, हे आमच्या आजोबांनी इंग्रजांच्या काळात केलंय. मला ते पुन्हा नकोय.

जुना_फौजदार

तुमचा मुद्दा मला खोडता येत नाही. तरी अडचणीच्या वेळी ठाण्यातल्या माणसाने "हो, हे आमच्याकडे येऊन गेलेत" असं फोनवर सांगितल्याने माणसं सुटलेली मी स्वतः पाहिली आहेत. ह्यावर आपलं एकमत होणार नाही असं दिसतं.

बाईंच्या प्रश्नाकडे येतो. मिटवायचं की नाही हे गावाने ठरवायचं नसतं. मार त्या माणसाने खाल्लाय, तक्रार करायची की नाही ते तो ठरवेल. तुम्ही त्याला तक्रार कर म्हणू नका आणि करू नको असंही म्हणू नका. फक्त एवढं सांगा की तू केलीस तर मी खरं सांगेन.

तुमच्यापुरतं, अफवा पसरवण्याचं कलम जुन्या कायद्यात ५०५ होतं, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेत ३५३. त्यात अपवाद आहे, खरं मानायला वाजवी कारण असेल आणि मनात तसा हेतू नसेल तर. तुमचा हेतू नव्हता हे दिसतं. वाजवी कारण होतं का, ह्यावर वकील बोलेल, मी बोलणार नाही. पण पोलीस पाटलांना बरोबर घेऊन स्वतः ठाण्यात जा आणि लेखी द्या. मुख्याध्यापकांना आणि केंद्रप्रमुखांना इतरांकडून कळण्याआधी तुम्ही सांगा.

शाळेतली_बाई

तीन दिवसांनी लिहितेय.

त्या दिवशी परिपाठाला ३७ पैकी १९ मुलं होती. प्रार्थना झाल्यावर मी मुलांना सांगितलं की काल मी एक खोटी गोष्ट खरी समजून सगळ्यांना पाठवली. चौथीतल्या एकाने विचारलं, "बाई, आम्ही चुकल्यावर तुम्ही पाच वेळा लिहायला लावता." मी फळ्यावर पाच वेळा लिहिलं, 'विचारल्याशिवाय पुढे सांगू नये.' मुलं हसली नाहीत, पाटीवर उतरवून घेऊ लागली. मी त्यांना थांबवलं, हे तुमचं नाही म्हटलं.

दुपारनंतर घरोघर गेले. फौजदारसाहेबांनी सांगितलं तसं आवाजातही पाठवलं. दुसऱ्या दिवशी ३१ मुलं आली. दोन घरं अजून माझ्याशी बोलत नाहीत, एकाला वाटतं मी गावाची बदनामी केली, दुसऱ्याला अजूनही वाटतं की माझ्यावर दबाव आहे. आक्कांनी मात्र परवा स्वतःहून माझी कळशी पुढे सरकवली.

ठाण्यात लेखी दिलं. मुख्याध्यापकांना सांगितलं, केंद्रप्रमुखांनी खुलासा मागवलाय.

ते दोघं तालुक्याच्या गावी नातेवाइकांकडे उतरलेत. मी आणि बचत गटाच्या दोघी गेलो होतो. कपाळाला तीन टाके पडलेत. फाटलेलं पोतं, तीन पातेली, फुग्यांची दोन पाकिटं आणि वाया गेलेले केस असं त्यांनी स्वतः बोटं मोजून सांगितलं. जेवढे सांगितले तेवढे पैसे दिले, त्यांनी घेतले. तक्रारीबद्दल तो म्हणाला, "बघतो." मी एवढंच म्हटलं की मी खरं सांगेन. तिसरीतल्या मुलीचा बाप अजून गेलेला नाही. तिकडे जाताना मी त्याच्या दारावरून गेले, तो ओट्यावर बसून होता, उठला, आणि आत गेला.

पालावरचा दादा, तुम्ही म्हणालात तसे वाटेवरच्या गावांचे फोन करायला घेतले. त्यांनी नऊ गावं सांगितली. सहा गावांत ओळखीचे शिक्षक निघाले. पाचव्या गावातले गुरुजी म्हणाले, "मॅडम, आमच्या ग्रुपवर काल आलाय." त्यांनी मला तो पाठवला. माझाच मजकूर, एकही अक्षर न बदलता, खाली "– आपल्या बाई, जि. प. शाळा." आणि वर दुहेरी बाण.

पालावरचा

उरलेल्या तीन गावांची नावं मला कळवा. माझी तिकडे माणसं आहेत.

शाळेतली_बाई

कळवते. दोन ठिकाणी आज संध्याकाळी मी स्वतःच एसटीने जातेय.